पन्नासावी चांदणी

मुलांनो, जरा डोळे मिटा. मिटलेत? आता असं समजा की तुम्ही एका केशकर्तनालयात, म्हणजे सलूनमध्ये, एका उंच स्टुलावर बसला आहात. समोर मोठा आरसा, त्याच्यापुढे कंगवे आणि कात्र्या ओळीने मांडलेल्या. साबणाचा आणि पावडरीचा वास. एका खुर्चीत कुणीतरी गळ्याभोवती पांढरं कापड गुंडाळून डोळे मिटून बसलंय आणि त्याच्या डोक्यावर कात्री कचकच चालतेय. पण कात्रीपेक्षा जोरात चालतंय ते कात्री धरणाऱ्याचं तोंड. ते मामा. खरं तर ते एकट्या भिंगरीचे मामा, तिच्या आईचे सख्खे भाऊ. पण भिंगरी दिवसभर त्यांना "मामा, मामा" म्हणायची, म्हणून हळूहळू सगळी गल्लीच त्यांना मामा म्हणू लागली होती.

आता डोळे उघडा आणि आरशाशेजारची भिंत बघा. तिथे सोनेरी कागदाच्या चांदण्या चिकटवलेल्या आहेत. शाळेत बाई चांगल्या अक्षराला देतात ना, तसल्याच. मोजलात तर एकोणपन्नास भरतील. मामा दर तीन महिन्यांनी रक्त द्यायचे. एकदा दिलं की एक चांदणी. पहिल्या काही त्यांनी स्वतः लावल्या होत्या, पण भिंगरीचा हात स्टुलावरून पुरायला लागल्यापासून ते काम तिचं. ती आता दहा वर्षांची होती आणि पन्नासावी चांदणी तिच्या कंपासपेटीत तयार होती.

मामा रक्त द्यायचे ते गुपचूप नव्हे. दंडाला सुई लागली की फोटो काढवून घ्यायचे, तो सलूनमध्ये लावायचे, आणि खुर्चीत बसलेला माणूस पळून जाऊ शकत नसल्यामुळे त्याला सगळी हकीकत पहिल्यापासून ऐकवायचे.

"मामा, दाढी करताय की भाषण?" शेजारच्या शिंपीकाकू दारातून ओरडायच्या. त्यांचं शिवणाचं दुकान भिंतीला भिंत लावून होतं. "द्यायचं तर द्यावं माणसाने. डांगोरा कशाला पिटायचा?"

"काकू, मी दिल्याचं सांगतो म्हणून चार जण येतात. तुम्ही आलात का कधी?"

"मी कुठे जाते न् काय करते, ते तुम्हाला सांगून थोडंच करते?"

"बघा! म्हणजे आला नाहीत."

 काकू दातांत धरलेला दोरा तटकन तोडायच्या आणि मशीन जोरात चालवायच्या.

तर मामांनी ठरवलं की पन्नासावं रक्तदान साधंसुधं करायचं नाही. त्यांनी मोठ्या दवाखान्यातल्या रक्तपेढीच्या डॉक्टरताईंना गाठलं, शाळेचा हॉल मिळवला आणि गल्लीभर फलक लावले. फलकावर मामांचा भलामोठा फोटो, खाली लाल अक्षरांत "पन्नासावे रक्तदान. तुम्हीही या!" फोटोतल्या मिशा खऱ्या मिशांपेक्षा दुप्पट.

आता इथे एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. ती त्या गल्लीत फक्त दोघांनाच माहीत होती.

शिबिराच्या तीन दिवस आधी मामांची दाढ दुखायला लागली. गाल भोपळ्यासारखा सुजला. दातांच्या दवाखान्यात एकटं जायची मामांना भीती वाटत होती, पण हे कबूल कोण करणार? म्हणून ते भिंगरीला म्हणाले, "चल गं, तुला दवाखाना दाखवतो." तिथे गेल्यावर त्यांनी भिंगरीचा हात असा घट्ट धरला की त्यांच्या अंगठीचा ठसा तिच्या बोटांवर संध्याकाळपर्यंत राहिला. दाढ निघाली तेव्हा मामा "आई गं!" करून एवढ्यांदा ओरडले की बाहेर बसलेला एक माणूस नंबर सोडून घरी गेला. दातांच्या डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या.

"कुणाला सांगू नकोस हं," मामा गालावर रुमाल दाबून म्हणाले. "शप्पथ?"

"शप्पथ," भिंगरी हसत म्हणाली. तिला वाटलं, ओरडण्याचीच तर गोष्ट आहे.

शिबिराच्या दिवशी सकाळी हॉलमध्ये चार उंच खाटा, दोन टेबलं आणि एक पडदा लावला होता. भिंगरीकडे शेवटच्या टेबलाचं काम होतं. रक्त देऊन आलेल्याला सरबताचा पेला आणि बिस्किटं द्यायची, आणि "दहा मिनिटं बसा, लगेच उठू नका" असं बजावायचं. ती हे इतक्या जरबेने सांगायची की धट्टेकट्टे ट्रकवालेसुद्धा निमूट बसत होते.

तिच्या टेबलावरून सगळं दिसायचं. आधी प्रत्येकाला एक छापील कागद भरावा लागे. वजन किती, ताप आला होता का, कावीळ झाली होती का, अलीकडे दात काढलाय का, काही औषध चालू आहे का? मग डॉक्टरताई पडद्याआड प्रत्येकाला तेच प्रश्न पुन्हा तोंडी विचारायच्या. मग पडद्याबाहेर बोटाला टोचून रक्ताचा एक थेंब एका निळ्या पाण्याच्या बाटलीत सोडायच्या. थेंब झरझर बुडाला तर रक्त दाट, चालेल. तरंगत राहिला तर पातळ, आज नाही. त्यानंतर दाब मोजायचा आणि मगच खाट.

मामा अर्थातच पहिले. फोटोवाला तयार, मागे फलक, मामांनी नवा सदरा घातलेला. कागद त्यांनी एका झटक्यात भरला. भिंगरीने लांबून पाहिलं, एकापाठोपाठ एक "नाही", "नाही", "नाही". पडद्याआड गेले आणि हसतच बाहेर आले. त्यांचा थेंब दगडासारखा बुडाला.

मामा खाटेवर आडवे झाले. दंडाला पट्टा, मुठीत रबरी चेंडू. सुई गेल्यावर पहिलं थोडं रक्त एका छोट्या कप्प्यात घेतलं आणि मग मोठी पिशवी भरायला लागली. पिशवी एका डुलणाऱ्या यंत्रावर ठेवलेली. रक्त गोठू नये म्हणून ती पाळण्यासारखी हलत होती. भिंगरी जवळ जाऊन बघू लागली.

"डॉक्टरताई, हिच्यावर मामांचं नाव कुठेय?"

"नाव नसतं," डॉक्टरताई म्हणाल्या. त्या पिशवीवर एक चिठ्ठी चिकटवत होत्या. "हा नुसता नंबर. हाच नंबर त्यांच्या कागदावर, हाच तपासणीच्या नळ्यांवर. ज्याला हे रक्त मिळेल त्याला कधीच कळणार नाही कुणाचं ते."

"फोटो काढला तरी?"

"फोटो काढला तरी. पिशवीला फोटोचं काय कळतंय?" ताई हसल्या. "कुणी नाव व्हावं म्हणून देतं, कुणी पुण्य म्हणून, कुणी बायकोने ढकललं म्हणून. मी कुणालाच विचारत नाही का देताय म्हणून. मला फक्त माझ्या प्रश्नांची खरी उत्तरं पाहिजेत."

तेवढ्यात पडद्याजवळ पुढचा माणूस आला. टॅक्सी चालवणारा एक तरुण. त्याने कागद दिला आणि म्हणाला, "ताई, परवा माझा दात काढलाय. चालेल ना?"

"नाही चालणार. आज परत जा."

"एवढ्याशा दाताने काय होतंय?"

डॉक्टरताईंचा आवाज मोठा होता, आणि त्या कुणालाही नीट समजावल्याशिवाय परत पाठवत नसत. "दात काढला की तोंडातले जंतू थोडे रक्तात शिरतात. तुमच्या अंगात त्यांना मारणारी फौज आहे, म्हणून तुम्हाला काही होत नाही. पण पिशवीत फौज नसते. आणि आम्ही पिशवीतलं रक्त वेगवेगळं करतो. त्यातला एक भाग थंडीत ठेवता येत नाही, पाच दिवस साध्या खोलीच्या उबेत ठेवावा लागतो. त्या उबेत जंतू वाढतात. आणि तो भाग जातो कुणाला? ज्यांच्या अंगातली फौज आजाराने आधीच संपलीय त्यांना. लहान मुलंसुद्धा असतात त्यात."

"पण तुम्ही तपासता ना सगळं?"

"ठरावीक आजार तपासतो. ही असली गोष्ट त्यात सापडेलच असं नाही. ती तुम्हीच सांगायची असते. औषधं संपू द्या, थोडे दिवस जाऊ द्या, मग या. सरबत मात्र पिऊन जा."

तो तरुण मान डोलावून भिंगरीच्या टेबलाकडे आला. भिंगरीने पेला पुढे केला, पण तिचं लक्ष पेल्यात नव्हतं. तिने मामांकडे पाहिलं. मामा छताकडे बघत होते. चेंडू दाबायचा विसरले होते. मग त्यांची नजर हळूच खाली आली, भिंगरीच्या नजरेला भिडली आणि लगेच पुन्हा छताला चिकटली.

पिशवी भरत आली होती. हॉलमध्ये पन्नास-साठ माणसं मामांकडे बघत होती. फोटोवाला म्हणाला, "मामा, जरा हसा की!"

मामा हसले. उजवा गाल थोडा दुखला असणार.

थोड्या वेळाने एक नवल झालं. रांगेत शिंपीकाकू उभ्या! मामा बिस्किट खात होते ते तसंच हातात राहिलं. "काकू? तुम्ही?"

"का? रक्त काय फक्त तुमच्याच अंगात आहे?"

काकूंचा थेंब निळ्या पाण्यात पडला आणि तरंगतच राहिला. सगळ्यांनी पाहिलं. कुणीतरी फिसकन हसलंसुद्धा. डॉक्टरताई म्हणाल्या, "काकू, आज नाही हं. हिरव्या पालेभाज्या खा, लोहाच्या गोळ्या देते. पुढच्या वेळी मात्र नक्की. तुम्ही काय, दर वेळी येताच."

"बरं," काकू म्हणाल्या. आपली कापडी पिशवी उचलली आणि चालू लागल्या. चेहऱ्यावर ना लाज, ना राग. जसं भाजीवाल्याने "आज मेथी संपली" म्हणावं आणि आपण पुढे जावं.

"दर वेळी?" मामांनी डॉक्टरताईंना विचारलं.

ताईंनी जीभ चावली. "मी काही बोलले नाही. तिकडे लक्ष द्या, लगेच उठू नका."

शिबिर दुपारी संपलं. बासष्ट पिशव्या झाल्या. डॉक्टरताईंनी जाताना सगळ्यांना पुन्हा सांगितलं, "प्रत्येकाला तुमच्या पिशवीच्या नंबरची चिठ्ठी दिलीय, ती जपून ठेवा. घरी गेल्यावर काही आठवलं, आज-उद्यात ताप आला, काही सांगायचं राहून गेलं, तर चिठ्ठीवरच्या फोनवर कळवा. नाव सांगायची गरज नाही, फक्त नंबर सांगा. तपासण्या उद्या दुपारपर्यंत होतील, मग पिशव्या दवाखान्यांत जातील."

जाताना त्यांनी मामांशी हात मिळवला. "मामा, तुमच्यामुळे एवढं झालं. महिनाभराची ओढाताण वाचली आमची."

मामा नुसते "हो, हो" म्हणाले.

संध्याकाळी सलूनमध्ये गिऱ्हाईक नव्हतं. मामा एकच वस्तरा तिसऱ्यांदा पुसत होते. भिंगरी स्टुलावर बसून पाय हलवत होती. एरवी ती एवढा वेळ गप्प बसली असती तर आईने तिच्या कपाळाला हात लावून बघितला असता.

शेवटी मामाच म्हणाले, "काय झालंय? बोल की."

"मी शप्पथ घेतलीय ना."

"ती ओरडण्याबद्दल होती."

"मग दाढेबद्दल बोलू?"

मामा वस्तरा पुसायचे थांबले. "अगं, ते तपासतात सगळं. केवढाली यंत्रं असतात त्यांच्याकडे."

"ताई म्हणाल्या, ते त्यात सापडेलच असं नाही."

"एवढीशी दाढ होती ती!"

"तुम्ही दवाखान्यात म्हणालात, हत्तीएवढी आहे."

मामांना हसू आलं, पण ते ओठांपर्यंत येऊन थांबलं. ते गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले, आरशासमोर. 

"मी सकाळी खरं सांगणारच होतो गं," ते म्हणाले. "पेन हातात होतं. पण मागे फलक, पुढे फोटोवाला, एवढी माणसं माझ्या नावावर आलेली. म्हटलं, आता 'आज मामांना नाही देता येत' असं कसं सांगायचं? आणि ती काकू! तिला सगळ्यांसमोर नाही म्हटलं, तर 'बरं' म्हणून गेली. तिला कसं जमलं ते?"

भिंगरीने विचार केला. "त्यांची चांदणी नव्हती ना लावायची."

मामांचं तोंड एवढंसं झालं. मग ते खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, "एकोणपन्नास वेळा दिलं, ते पण सगळं खोटंच का गं मग? फोटोसाठी दिलेलं?"

हा प्रश्न मोठा होता आणि भिंगरी लहान होती. पण तिने पिशवी जवळून पाहिली होती. "ते कसं खोटं असेल? ते लोकांना मिळालं ना. पिशवीला फोटोचं काय कळतंय, असं ताईच म्हणाल्या. पण आजच्या पिशवीत ना, मामा..." ती अडखळली. "आजच्या पिशवीत फोटो शिरलाय."

मामा उठले. सदऱ्याच्या खिशातून चिठ्ठी काढली. फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. पलीकडचं भिंगरीलाही ऐकू यावं म्हणून त्यांनी आवाज मोठा केला. एकट्याने ऐकायची त्यांना भीती वाटत होती, अगदी दाढेच्या वेळेसारखी.

"रक्तपेढी, बोला."

"मला... एका पिशवीबद्दल सांगायचंय. सकाळच्या शिबिरातली."

"नंबर सांगा फक्त."

मामांनी एकेक आकडा सांगितला. पलीकडच्या माणसाने तो परत वाचून दाखवला आणि म्हणाला, "थांबा हं, बघून येतो."

मुलांनो, कुणी "थांबा, बघून येतो" म्हटल्यावर किती वेळ जातो ते तुम्हाला माहीत आहे. घड्याळात दोन मिनिटं होतात आणि पोटात दोन तास. भिंगरीने मामांचा हात धरला. या वेळी घट्ट धरणारी ती होती.

"हॅलो? आहात ना? मिळाली. तीन भाग करून ठेवलेत, अजून तिन्ही इथेच आहेत. बाजूला काढले. बाहेर जाणार नाहीत."

मामांनी असा श्वास सोडला की समोरच्या टेबलावरची कापलेल्या केसांची बारीक कुसळं उडाली.

"कारण सांगायचं नसलं तरी चालतं," तो माणूस पुढे म्हणाला. "पण सांगितलंत तर आम्हाला मदत होते."

"दाढ काढली होती. तीन दिवसांपूर्वी. गोळ्या चालू आहेत. विचारलं होतं मला, मीच नाही म्हणालो."

"बरं. लिहून घेतो. गोळ्या पूर्ण करा, मग काही दिवसांनी या. आणि फोन केलात, फार चांगलं केलंत हो."

"नाव..."

"नाव नको. लागतच नाही."

फोन ठेवला. भिंगरीचा जीव भांड्यात पडला. मामा तिच्याकडे बघून म्हणाले, "तेरा वर्षांत पहिल्यांदाच मी काहीतरी चांगलं केलं आणि नाव सांगितलं नाही."

"सांगायला लागला होतात," भिंगरी म्हणाली.

"सवय गं, सवय!" आणि दोघं इतके हसले की भिंतीपलीकडे शिंपीकाकूंचं मशीन थांबलं.

गोष्ट इथे संपली असती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळेच्या आधी, सलूनमध्ये ही गर्दी. सगळ्यांना माहीत होतं, आज पन्नासावी चांदणी लागणार. बाकावर चार जण, दारात तिघे, त्यात शिंपीकाकू हातात सुईदोरा घेऊन. खुर्चीत कोपऱ्यावरचा पाववाला, अर्ध्या गालाला साबण.

"लाव गं भिंगरे!" कुणीतरी म्हणालं.

भिंगरी स्टुलावर चढली. चांदणी तिच्या बोटाच्या टोकाला चिकटलेली. तिने मामांकडे पाहिलं.  खरं सांगायचं काम मामांचं होतं.

मामांनी आरशात सगळ्यांचे चेहरे पाहिले. तसंही, फोन झाला होता, पिशवी बाजूला निघाली होती, कुणाला काही कळणार नव्हतं. चांदणी लागली असती तर कुणाचं काय बिघडलं असतं?

"थांब," मामा म्हणाले. "एकोणपन्नासच राहू देत."

"का हो?"

"कालचं धरायचं नाही. माझी दाढ काढली होती, औषध चालू होतं, आणि मी ते लपवलं. एवढा मोठा फलक लावल्यावर मागे फिरायची लाज वाटली. संध्याकाळी फोन करून पिशवी थांबवली. वाचलो. म्हणजे मी नाही, दुसरं कुणीतरी वाचलं."

 मामांचे कान लाल झाले. त्यांना वाटलं, आता शिंपीकाकू बोलणार आणि ते ऐकून घ्यावं लागणार.

पण बोलला तो पाववाला. कापडाखालून त्याचा बारीक आवाज आला. "मामा... मला आदल्या रात्री ताप होता. सकाळी गोळी घेतली, उतरला. म्हणून मी पण नाही म्हणालो. सगळी गल्ली रांगेत उभी, मी कसा परत जाऊ? म्हटलं, मामा काय म्हणतील."

"चिठ्ठी कुठेय?" मामा आणि भिंगरी एकदमच ओरडले.

"पाकिटात."

"काढ!"

पाववाल्याने कापडाखाली चाचपून पाकीट काढलं. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून त्याने फोन लावला, नंबर सांगितला, थांबला. सगळेच थांबले. फोटोसाठीसुद्धा इतकी स्तब्ध माणसं मामांनी कधी पाहिली नव्हती. पलीकडून उत्तर आलं, तपासण्या अजून चालू आहेत, ती पिशवीही तिथेच आहे, बाजूला काढली. पाववाल्याने गाल पुसला तेव्हा रुमालावर साबण किती आणि घाम किती ते सांगता आलं नसतं. बाकावरचे सगळे एकदम बोलू लागले, हसू लागले, एकाने तर पाववाल्याच्या पाठीवर अशी थाप मारली की कापडच गळून पडलं.

या गडबडीत शिंपीकाकू आत आल्या. "मामा, आज खरं बोलते. मी वर्षानुवर्षं देते. मोठ्या दवाखान्यात जाऊन. घरातसुद्धा कुणाला माहीत नाही."

"ते काल समजलं मला."

"समजलं तर समजलं. मला वाटायचं, गुपचूप देते ती मी खरी, आणि ओरडून देतात ते तुम्ही खोटे. केवढा ताठा होता मला त्याचा! पण माझ्या मागून एक माणूस आला नाही कधी. तुमच्या मागून एकसष्ट आले." त्यांनी पाववाल्याकडे पाहिलं. "आणि तुम्ही आत्ता बोलला नसता, तर हा बोलला असता का?"

"नसतो बोललो," पाववाला म्हणाला.

"म्हणजे तुम्ही म्हणताय, मी डांगोरा पिटायचा?" मामांच्या मिशा हळूहळू पुन्हा वर येऊ लागल्या.

"पिटा. पण पिटताना दाढसुद्धा सांगा."

"आणि तुम्ही, काकू? पुढच्या शिबिराला फलकावर तुमचा फोटो लावू?"

"लावून तर बघा! कात्री माझ्याकडेपण आहे."

मामा हसले. मग त्यांची नजर वर गेली. भिंगरी अजून स्टुलावरच उभी होती आणि चांदणी अजून बोटालाच होती.

"अगं, ती ठेवून दे पेटीत," मामा म्हणाले. "खरं पन्नासावं होईल तेव्हा लावू."

भिंगरीने "नाही" अशी मान हलवली. खाली उतरली, मामांच्या सदऱ्याच्या खिशातून कालची चिठ्ठी काढली आणि तिची नीट घडी घालून दोन तुकडे केले. पिशवीचा नंबर होता तो तुकडा तिने चुरगाळून आपल्या खिशात खोल टाकला. रक्तपेढीच्या फोनचा नंबर होता तो तुकडा घेऊन ती पुन्हा स्टुलावर चढली, आरशाच्या कोपऱ्यात, खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा धरला, आणि वरून ती सोनेरी चांदणी अंगठ्याने दाबून चिकटवली.